शेवटची एसटी गेली आणि तुम्ही फाट्यावर अडकलात: पुढे कसं जायचं, थांबायचं कुठे

अडचण नेहमीचीच आहे. पुण्या-मुंबईकडून येणारी लांब पल्ल्याची गाडी उशिरा पोचते, तुम्ही हायवेवर फाट्याला उतरता, आणि टपरीवाला सामान आवरता आवरता सांगतो, "आत्ताच गेली की. आता सकाळीच." गाव अजून पंचवीस-तीस किलोमीटर आत असतं. वडाप बंद झालेलं असतं. मग माणूस निवाऱ्याच्या कट्ट्यावर पिशवी ठेवतो आणि काहीतरी मिळेल या आशेवर बसून राहतो. बहुतेक वेळा अकरापर्यंत काही मिळत नाही, आणि तोवर फाट्यावरचा शेवटचा दिवाही बंद होतो.

यावरचा उपाय आधी सांगतो, कारणं नंतर. फाट्यावरून आत शिरायचा नाद सोडा आणि हायवेवरचं जवळचं आगार असलेलं बसस्थानक गाठा. ते गावापासून जास्त लांब पडत असलं तरी चालेल. रात्री तिथे माणसं असतात, उजेड असतो, आणि सकाळी आत जाणारी पहिली गाडीही बहुधा तिथूनच सुटते.

गाडी दर वेळी का चुकते

सातारा जिल्ह्यातल्या उंब्रजचं उदाहरण घेऊ, कारण पुणे-कोल्हापूर मार्गावर उतरून पाटणच्या खोऱ्यात जाणाऱ्यांची हीच रड असते. पुण्याकडून येणारी गाडी उंब्रजला सोडते, तिथून मल्हारपेठमार्गे पाटण. पाटणच्या पुढच्या वाड्यावस्त्यांसाठी तिथे आणखी एक गाडी बदलायची. दोन गाड्यांची ही सांगड कागदावर बरोबर बसते. पण आत जाणारी गाडी तिच्या आगाराच्या वेळेने सुटते, पुण्याच्या गाडीची वाट बघत नाही. पुण्याच्या गाडीला शुक्रवारी संध्याकाळी स्वारगेटमधून बाहेर पडायलाच वेळ लागतो, पुढे खंबाटकी घाट असतो, आणि साताऱ्याच्या पुढे सहापदरीकरणाच्या कामामुळे जागोजागी वळणं काढलेली असतात. घाटात एखादा कंटेनर बंद पडला की तास-दीड तास गेलाच. हा उशीर अधूनमधून होणार हे धरूनच चालावं लागतं.

दुसरं कारण मुक्कामी गाडीचं. आतल्या गावाची शेवटची एसटी बहुतेक वेळा मुक्कामी असते. ती रात्री गावात जाते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच झोपतात, आणि पहाटे गाडी तालुक्याकडे निघते. म्हणजे पहाटेची पहिली गाडी तुमच्या उलट्या दिशेची असते. फाट्यावर रात्र काढून पहाटे साडेपाचला जी एसटी दिसते ती गावातून बाहेर येत असते. तुम्हाला आत नेणारी गाडी आगारातून निघून मग फाट्यावर येणार. थंडीत रात्रभर कुडकुडून वर आणखी तासभर थांबणारी माणसं मी पाहिली आहेत. आगारात थांबलेला माणूस त्याच गाडीत पहिल्या फलाटापासून बसून येतो, तेही खिडकीची जागा धरून.

उतरण्याआधी

खरा निर्णय गाडीतच घ्यायचा असतो. पाय जमिनीला लागला की निम्मे पर्याय संपतात.

समजा तुम्ही स्वारगेटहून साडेचारच्या कोल्हापूर गाडीत बसला आहात आणि आठच्या सुमारास उंब्रज धरून चालला होतात. आठ चाळीसला गाडी आणेवाडीच्या टोलनाक्यावर आहे. अजून सातारा यायचं आहे, तिथे स्थानकात आत-बाहेर करण्यात पंधरा मिनिटं जाणार, मग उंब्रज. म्हणजे तुम्ही दहाच्या आसपास पोचणार. आणेवाडीलाच हा हिशेब करा, कारण इथे तुमच्याकडे वेळ आहे आणि फोनला रेंज आहे.

पहिला फोन गावाकडे करा. कुणी दुचाकी किंवा चारचाकी घेऊन उंब्रजपर्यंत येणार असेल तर प्रश्न मिटला. पण येणारा माणूस निघाल्याचं त्याच्या तोंडून ऐका. "बघतो, पाठवतो कुणाला तरी" हे उत्तर नाही असंच धरा. दुसरा फोन शेवटच्या गाडीने जाणाऱ्या कुणालातरी. खोऱ्यातल्या मुक्कामी गाडीला रोजची माणसं ठरलेली असतात: शिक्षक, दुकानवाले, पाटणला कामाला जाणारे. त्यांनी कंडक्टरला सांगितलं तर पाच-दहा मिनिटं गाडी थांबते, असा बऱ्याच ठिकाणचा अनुभव आहे. तासभर कुणी थांबत नाही, ते मागूही नये.

दोन्हीकडून नकार आला तर सरळ कंडक्टरकडे जा. "मास्तर, उंब्रजला नाही उतरत, कराडपर्यंत तिकीट वाढवून द्या." उंब्रजपासून कराड सुमारे १८ किलोमीटर पुढे आहे. वरच्या टप्प्यांचे थोडे पैसे पडतात. पुढची जागा दुसऱ्याच्या आरक्षणाची निघाली तर उभं राहावं लागेल, तेवढंच. त्याच वेळी आणखी एक विचारा: ही गाडी कराडच्या स्थानकात आत जाते की हायवेवरच्या नाक्यावर सोडते? रात्रीच्या काही गाड्या बायपासनेच जातात. नाक्यावर सोडणार असेल तर ते आधी कळलेलं बरं, म्हणजे तिथून स्थानकापर्यंत रिक्षा धरायची मनाची तयारी राहते.

कराडहून पाटण चाळीसेक किलोमीटर, म्हणजे तुम्ही गावापासून थोडे लांबच गेलात. पण कराडला आगार आहे, शहर आहे, लॉज आहेत, आणि पुणे-कोल्हापूर-सांगलीच्या गाड्या रात्रभर येत-जात असतात. पुण्याहून येताना उंब्रजच्या आधी साताऱ्याचं स्थानकही लागतं. साताऱ्यात ओळखीचं घर असेल तर तिथेच उतरा. नाहीतर कराड चांगलं, कारण सकाळी पाटणकडे निघायला ते सोयीचं पडतं.

उतरलाच असाल तर

तरीही आता फाट्यावर उभेच आहात, तर पुढच्या पंधरा मिनिटांत दोन गोष्टी करा. फोनची बॅटरी बघा आणि घरी किंवा मित्राला नेमकी जागा कळवा. "उंब्रजच्या जवळ" एवढं सांगून भागत नाही. रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा आणि तुम्ही कोल्हापूरकडे जाणाऱ्या बाजूला आहात की पुण्याकडे जाणाऱ्या, एवढं तरी सांगा. उद्या ११२ लावायची वेळ आली तर तिथेही हेच विचारतील. राष्ट्रीय महामार्गावर अपघात झाला किंवा गाडी बंद पडली तर १०३३ हा महामार्गाचा मदत क्रमांकही आहे. गाडी चुकली म्हणून मात्र तो लावू नका.

मग पुढच्या आगाराकडे जाणारी गाडी पकडा. इथे सगळ्यात मोठा धोका चोरा-चिलटांचा नसतो, वाहनांचा असतो. दुभाजकावरून उडी मारून पलीकडे जायचं नाही, मग समोर गाडी येऊन थांबलेली का दिसेना. भुयारी मार्ग किंवा पूल असेल तिथूनच जा. उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर मागच्या दिव्यांशिवाय सर्व्हिस रोडने उलटा येतो, तोही लक्षात ठेवा.

हात कुठे करायचा याचंही गणित आहे. ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात बावीस मीटर कापते. ड्रायव्हरला तुम्ही दिसणं, थांबायचं की नाही हे त्याने ठरवणं आणि भरलेली गाडी आतल्या प्रवाशांना झटका न बसता उभी राहणं, याला शंभर मीटरच्या वर अंतर लागतं. अंधारात उभ्या माणसाला तेवढ्या लांबून कुणी बघूच शकत नाही. म्हणून गाडी आपोआप हळू होते तिथे उभं राहा: गतिरोधकाच्या पुढे, सर्व्हिस रोड मुख्य रस्त्याला मिळतो त्याच्या अलीकडे, किंवा ढाब्यातून गाड्या बाहेर पडतात तिथे. मोबाईलची बॅटरी ड्रायव्हरच्या डोळ्यांवर मारू नका. त्याला काही दिसेनासं होतं आणि तो वैतागून निघून जातो. उजेड स्वतःच्या छातीवर, पिशवीवर पाडा. पांढरा टॉवेल किंवा फिकट रंगाचा शर्ट असेल तर पुढे धरा. उभा माणूस प्रवासी आहे हे त्याला कळलं पाहिजे.

कुठली गाडी थांबेल? साध्या आणि जलद गाड्यांना आशा आहे. विनाथांबा आणि शयनयान गाड्या सहसा थांबत नाहीत, त्यांच्यामागे धावून दम घालवू नका. खासगी ट्रॅव्हल्स रस्त्यात प्रवासी घेतात, पण त्या जेवणासाठी ढाब्यावर थांबल्या असताना क्लीनरशी बोलणं सोपं. पैसे किती आणि कुठे उतरवणार, हे चढण्याआधीच ठरवा. "पुढच्या मोठ्या स्टँडच्या दारात" असं सांगा. नाहीतर तो तुम्हाला पुन्हा एखाद्या पुलाखाली सोडेल आणि तुम्ही होता तिथेच याल.

थांबायचं कुठे

तास-दोन तास काढायचेच असतील तर जागा निवडताना एकच प्रश्न स्वतःला विचारा: इथे रात्री पगारावर जागा असलेला माणूस आहे का? टपरीवाला घरी जातो, रिक्षावाला शेवटचं भाडं मिळालं की जातो. रात्रपाळीचा माणूस जात नाही.

या हिशेबाने आगाराचं स्थानक पहिलं. तिथे वाहतूक नियंत्रकाची खोली आणि चौकशी खिडकी असते. त्या खिडकीच्या समोरचा बाक धरा. कोपऱ्यातला पंख्याखालचा रिकामा बाक कितीही मोहाचा वाटला तरी सोडा. खिडकीवर जाऊन सांगून ठेवा, "साहेब, पाटणची पहिली गाडी धरायची आहे, इथेच बसलेय." एवढ्याने तुमची नोंद त्या माणसाच्या डोक्यात राहते आणि पहिल्या गाडीची खरी वेळही कळते. भिंतीवरच्या फलकावरची वेळ जुनी असू शकते.

स्थानकातही एक गोष्ट पाळा. फेब्रुवारी २०२५ मध्ये स्वारगेटला पहाटे एका तरुणीला "तुझी गाडी तिकडे लागली आहे" असं सांगून एकाने आवारात उभ्या असलेल्या बसमध्ये नेलं आणि तिच्यावर अत्याचार केला. तेव्हापासून मी घरच्या मुलींना हेच सांगतो: गाडी फलाटावर लागली, दिवे लागले, कंडक्टर दिसला, की मगच चढायचं. कुणी कितीही "ताई, ताई" म्हणून आपलेपणाने बोलला तरी त्याच्यामागे अंधारात उभ्या गाडीकडे जायचं नाही. आधी खिडकीवर विचारायचं. माणूस खाकी कपड्यांत दिसला म्हणून तो एसटीचाच असतो असंही नाही.

आगार गाठता आलं नाही तर टोलनाका. उंब्रज आणि कराडच्या मध्ये तासवडेचा आहे. रात्रभर कर्मचारी, उजेड आणि कॅमेरे असतात. मात्र लेनजवळ उभं राहायचं नाही, कार्यालयाच्या बाजूला थांबायचं. फास्टॅग आल्यापासून गाड्या तिथे पूर्वीसारख्या थांबत नाहीत, त्यामुळे टोलवर गाडी मिळेलच असं समजू नका. तो थांबायचा आडोसा आहे.

रात्रभर चालू असलेला पेट्रोल पंप त्यानंतर. तिथे पाणी आणि स्वच्छतागृह मिळतं, आणि पंपावरचा पोरगा येणाऱ्या गाडीवाल्याला विचारूनही देतो. जाऊन लगेच विचारून घ्या, "दादा, पंप रात्रभर चालू असतो ना?" अकराला दोर बांधून दिवे घालवणारे पंपही आहेत.

ढाब्याबाबत माझं मत थोडं कडक आहे. कुटुंबं जेवायला बसली आहेत, ट्रकवाल्यांच्या खाटा आहेत, गल्ल्यावर मालक आहे, असा ढाबा साडेदहापर्यंत उत्तम. जेवण मागवा, गल्ल्याजवळचं टेबल घ्या. पण परमिट रूम जोडलेली असेल तर बंद व्हायच्या सुमारास बाहेर येणाऱ्या गर्दीत सापडू नये. बाई एकटी असेल तर त्याच्या आधीच निघावं.

पोलीस ठाणं रात्रभर उघडं असतं, आणि उंब्रजला ते आहे. "गाडी चुकलीय, पुढची गाडी येईपर्यंत बसू द्या" असं सांगायला लाजू नका. मात्र आतल्या रस्त्यांवरची दूरक्षेत्रं, म्हणजे आपल्या भाषेत औटपोस्ट, बऱ्याचदा रात्री कुलूपबंद असतात. पाटी बघून तीन किलोमीटर चालत गेलात आणि दाराला कुलूप, असं व्हायला नको. ग्रामीण रुग्णालय जवळ असेल तर तेही चालतं. तिथे रात्री नर्स आणि शिपाई असतात.

आणि जिथे थांबू नये त्या जागा: फाट्यावरचा तीन भिंतींचा निवारा, उड्डाणपुलाखालची जागा, बंद दुकानाची पायरी. निवारा एसटीसाठीच बांधलाय म्हणून सुरक्षित वाटतो, पण आत बसलेल्या माणसाला येणारी गाडी दिसत नाही, ड्रायव्हरला तो माणूस दिसत नाही, आणि बाहेर पडायला एकच बाजू असते. पाऊस असेल तरच आत जा, तेही दाराशी उभे राहा.

वडाप, दुधाची गाडी, लिफ्ट

वडाप (मराठवाड्यात काळी-पिवळी म्हणतात) दिवसा बरी. शेवटची एसटी गेल्यावर जो एखादा जीपवाला उरतो तो "इस्पेशल" मागतो. भाडं जास्त आहे ही तक्रार दुय्यम. आधी बघायचं ते हे की आत आणखी कोण आहे आणि ते कुठे उतरणार. बाकीचे सगळे मल्हारपेठला उतरणार असतील तर पुढचा निम्मा रस्ता तुम्ही आणि ड्रायव्हर दोघेच. गाडीचा नंबर त्याच्या देखत फोनवरून घरी सांगा. सरळ माणूस त्यावर काही बोलत नाही, उलट "सांगा सांगा" म्हणतो. जो चिडतो त्याच्या गाडीत बसू नका. मागे दारात लटकून जायचं असेल तर गावाला सकाळी पोचलेलं बरं.

दुधाची गाडी, पेपरची गाडी यांच्यावर माझा जास्त भरवसा आहे, कारण त्यांचा रस्ता आणि वेळ ठरलेली असते आणि गावोगाव त्यांना ओळखतात. पेपरची जीप पहाटे गठ्ठे टाकत आत जाते, म्हणजे पहिल्या एसटीच्याही आधी. तिचा ड्रायव्हर बहुतेक स्टँडवरच चहाला थांबतो. कराडला रात्र काढण्याचा हा आणखी एक फायदा.

अनोळखी दुचाकीवर रात्री मागे बसणं मी टाळतोच. चालवणाऱ्याने घेतलीय का, हे हेल्मेट नसलेल्या माणसाच्या तोंडाच्या वासावरून कळतं, पण तेव्हा तुम्ही आधीच त्याच्या शेजारी उभे असता आणि नाही म्हणायला जड जातं.

पुन्हा होऊ नये म्हणून

पुण्याहून निघताना शेवटच्या जोडगाडीच्या किमान दोन तास आधी फाट्यावर पोचेल अशी गाडी धरा, शुक्रवारी आणि सणाच्या आदल्या दिवशी तीन तास. ते शक्य नसेल तर उलटं करा: मुद्दाम उशिराची रातराणी घ्या, जी पहाटे चार-पाचला कराडला पोचते. रात्र गाडीत बसून जाते आणि तासाभरात आत जायची पहिली गाडी लागते. आरक्षणाच्या ॲपवर रातराणी दिसते, पण कराड-पाटणची साधी गाडी तिथे दिसेलच असं नाही. तिची वेळ आगारात फोन करूनच विचारावी, तीही निघायच्या दिवशी. शाळांना सुट्टी लागली की आतल्या फेऱ्या कमी होतात, आणि मुक्कामी गाडी रद्द झाल्याचं सगळ्यात आधी गावातल्या किराणा दुकानदाराला माहीत असतं. त्याचा नंबर फोनमध्ये असू द्या.